आधी एकक बघा, मग ४.१८४ ने गुणा

गेले तीन शनिवार इथे काही लिहिलं नाही, त्याचं कारण आधी सांगतो. बाबांचं पोटाचं ऑपरेशन झालं, ते इथे मेलबर्नला आमच्याकडेच आहेत, आणि घरातले सगळे त्यांच्या खाण्यापिण्यात गुंतलो होतो. आता सगळं ठीक आहे. पण मधे एक घोळ झाला, तो पूर्णपणे माझ्या हातून झाला, आणि तो ज्या प्रकारचा होता तो बघता गप्प बसणं बरं नाही. एकवीस वर्षं प्रोग्रॅमिंग करणाऱ्या माणसाने गुणाकारात मार खाल्ला, असा सगळा मामला आहे.

तर झालं असं. ऑपरेशननंतर बाबांचं वजन उतरलं होतं. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, "दिवसाला निदान ८,००० किलोज्यूल पोटात गेले पाहिजेत. काय खाल्लं ते लिहून ठेवा, तीन आठवड्यांनी आणा." ऑस्ट्रेलियात सगळा हिशोब किलोज्यूलमध्ये चालतो. इथल्या पाकिटावर ऊर्जा किलोज्यूलमध्ये छापणं बंधनकारक आहे, किलोकॅलरी छापली तर छापली, नाहीतर नाही. आपल्याकडे नेमकं उलटं, भारतातल्या पाकिटावर किलोकॅलरी असते. आणि आमच्या स्वयंपाकघरात अर्धं सामान भारतीय दुकानातलं! तूरडाळ, बेसन, पोहे, शेंगदाणे, आईने बॅगेत भरून आणलेली भाजणी. सगळ्यावर किलोकॅलरी.

माझ्या दृष्टीने हे पाच मिनिटांचं काम होतं. तक्ता केला. पहिल्या रकान्यात पदार्थ, दुसऱ्यात किती खाल्ला, तिसऱ्यात पाकिटावरची ऊर्जा, चौथ्यात तिसरा गुणिले ४.१८४. सूत्र वरपासून खालपर्यंत ओढलं की झालं. तिसऱ्या रकान्याचं नाव मी नुसतं 'ऊर्जा' असं ठेवलं होतं. हे नाव लक्षात ठेवा, सगळी रामकहाणी तिथेच आहे.

पहिल्या आठवड्यात बेरीज यायला लागली ती दिवसाला साडेनऊ हजारांच्या आसपास. सांगितलेल्या ८,००० पेक्षा बरीच जास्त! मी खूश. नंतर मीच शहाणपणा केला. म्हटलं, ऑपरेशननंतर उगाच पोटावर भार कशाला, संध्याकाळचा बेसनाचा लाडू बंद करू या. लाडू म्हणजे साधारण १,००० किलोज्यूल. तो काढूनही तक्ता साडेआठ हजार दाखवत होता.

आई म्हणाली, "अरे, यांचा चेहरा बघ जरा. सदरा कसा लोंबतोय."

मी म्हटलं, "आई, आकडे बघ ना. साडेआठ हजार जातायत."

हे वाक्य मला पुढे बरेच दिवस आठवत राहणार आहे.

तीन आठवड्यांनी वजनकाट्यावर बाबा आणखी दोन किलोंनी कमी. बाईंनी तक्ता हातात घेतला, एक मिनिट बघितला आणि बोट ठेवलं ते दुधावर. "दिवसाला अर्धा लिटर दूध, बरोबर? मग इथे ५,६४८ कुठून आले? कपभर दूध म्हणजे सातशेच्या आत असतं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दूध इथल्या दुकानातलं. बाटलीवर '१०० मिलिलिटरला २७०' असं छापलेलं, आणि ते किलोज्यूलच होते. मी २७० टाकले, सूत्राने इमानेइतबारे ४.१८४ ने गुणून १,१३० केले, आणि पाचपट करून ५,६४८. खरा आकडा होता १,३५०. म्हणजे तक्त्यातले ४,३०० किलोज्यूल निव्वळ हवेतले. लाडू बंद केल्यानंतर बाबांच्या पोटात खरोखर जात होते ४,२५०. सांगितलेल्याच्या निम्म्याहून जरासे वर!

आता या गोष्टीतून लोक मला जे सांगतात ते असं, की "अरे, एवढं बारीक कशाला बघतोस, चारने गुणायचं आणि मोकळं व्हायचं." किंवा याच्या अगदी उलट, "४.१८४ नाही, नीट ४.१८६८ घे." माझं मत असं की दोघेही चुकीच्या जागी शोधतायत. गुणक कुठला घेता याने जवळजवळ काही बिघडत नाही. समोरचा आकडा कुठल्या एककात आहे हे तुम्ही पडताळून बघता की नाही, यावर सगळं अवलंबून आहे. आणि पडताळणी पाकिटावरच करता येते, हे फार कमी जणांना माहीत असतं. मलाही नव्हतं.

आधी गुणकाचं बघू. ८,००० किलोज्यूलला ४.१८४ ने भागलं तर १,९१२ किलोकॅलरी येतात. ४.२ ने भागलं तर १,९०५. सात किलोकॅलरींचा फरक, म्हणजे चिमूटभर साखर. नुसत्या ४ ने भागलं तर मात्र २,००० येतात, हा फरक साडेचार टक्क्यांचा आहे, तेव्हा ४ घेऊ नका. ४.२ घ्या, तोंडी हिशोबाला सोपा आहे आणि पुरेसा आहे. १५ अंशांची कॅलरी, वाफेच्या कोष्टकांची कॅलरी, उष्मारसायनातली कॅलरी अशा तिच्या व्याख्या निरनिराळ्या असल्यामुळे दशांशानंतरचे आकडे बदलतात. अन्नाच्या हिशोबात ४.१८४ धरतात. त्यापुढे जाण्यात अर्थ नाही.

एक आपल्या भाषेपुरती गंमत. इंग्रजीत मोठा 'सी' काढला तर ती किलोकॅलरी, लहान काढला तर तिचा हजारावा भाग, असा एक जुना संकेत आहे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत, त्यामुळे मराठीत आपण सरळ 'कॅलरी' म्हणतो आणि मनात किलोकॅलरी धरतो. "पोळीत शंभर कॅलरी असतात" म्हणजे शंभर किलोकॅलरी. त्याने घोटाळा होत नाही, कारण हजारपटीची चूक लगेच दिसते. चारपटीची चूक दिसत नाही, तीच खरी धोक्याची. २७० किलोकॅलरीचा पदार्थ असतो आणि २७० किलोज्यूलचाही असतो. दोन्ही आकडे तितकेच शहाणे दिसतात.

मग ओळखायचं कसं? इथे पाकिटाचा तक्ता कसा बनतो ते बघावं लागतं. पाकिटावरची ऊर्जा सहसा कोणी जाळून मोजलेली नसते. ती प्रथिनं, स्निग्धांश आणि कर्बोदकं यांच्या ग्रॅमवरून काढलेली असते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञाने जे काम केलं, त्यातून आलेले हे गुणक आहेत: प्रथिनांच्या एका ग्रॅमला ४ किलोकॅलरी, कर्बोदकांच्या ४, स्निग्धांशाच्या ९. ऑस्ट्रेलियाच्या अन्नसंहितेत तेच किलोज्यूलमध्ये दिलेत: १७, १७ आणि ३७. तंतूंना ८, म्हणजे २ किलोकॅलरी.

आता दुधाच्या बाटलीवरचे ग्रॅम घेऊ. १०० मिलिलिटरला प्रथिनं ३.४, स्निग्धांश ३.५, कर्बोदकं ४.८. करा हिशोब. ३.४ गुणिले १७ म्हणजे ५८. ३.५ गुणिले ३७ म्हणजे १३०. ४.८ गुणिले १७ म्हणजे ८२. एकूण २७०. बाटलीवर २७०. म्हणजे ते किलोज्यूल, शंकाच नाही. किलोकॅलरी असते तर ६४-६५ च्या आसपास आकडा असता. तीन गुणाकार आणि एक बेरीज, एवढं मी पहिल्या दिवशी केलं असतं तर बाबांचा लाडू गेला नसता.

सवयीप्रमाणे मी नंतर हे चार ओळीत बसवलं. ज्यांना हवं त्यांनी घ्या.

```python
def kj(p, f, c, fib=0):
    return 17*p + 37*f + 17*c + 8*fib

def unit(label, p, f, c, fib=0):
    r = label / kj(p, f, c, fib)
    if 0.85 < r < 1.15: return "kJ"
    if 0.20 < r < 0.28: return "kcal"
    return "?"
```

छापलेला आकडा भागिले ग्रॅमवरून काढलेले किलोज्यूल. भागाकार १ च्या आसपास आला तर छापलेले किलोज्यूल. ०.२४ च्या आसपास आला तर किलोकॅलरी, कारण १ भागिले ४.१८४ म्हणजे ०.२३९. दोन्हीकडे नाही आला तर तक्ता पुढे सरकू द्यायचा नाही, पाकीट हातात घेऊन बघायचं. बहुतेक वेळा कुठेतरी ग्रॅम '१०० ग्रॅमला' या रकान्यातले आणि ऊर्जा 'एका वाढपाला' या रकान्यातली घेतलेली असते. मद्य आणि बिनसाखरेच्या गोळ्या यांनाही प्रश्नचिन्ह येईल, कारण अल्कोहोलला ग्रॅममागे २९ किलोज्यूल असतात आणि त्या गोळ्यांतल्या गोड द्रव्यांना १७ पेक्षा कमी. ते माझ्या सूत्रात नाहीत. बाबांच्या आहारात दोन्ही नव्हते, त्यामुळे मी घातले नाहीत.

भागाकाराला एवढी सैल मर्यादा का दिली, असं कोणी विचारेल. त्याचं उत्तर मजेशीर आहे. दोन्ही एककं छापलेलं एखादं युरोपातलं बिस्किटाचं पाकीट घ्या आणि किलोज्यूलना किलोकॅलरीने भागा. बरोबर ४.१८४ येतीलच असं नाही. सुरुवातीला मला वाटलं छापणाऱ्याची चूक. चूक नाही. तिथे दोन्ही आकडे ग्रॅमवरून वेगवेगळे काढतात, एक ४-४-९ ने आणि दुसरा १७-१७-३७ ने, आणि हे गुणक पूर्णांकात आणताना एक वर गेलाय आणि एक खाली. ४ किलोकॅलरी म्हणजे १६.७ किलोज्यूल, त्याचे केले १७. ९ किलोकॅलरी म्हणजे ३७.७, त्याचे केले ३७. म्हणून शंभर ग्रॅम साखर ४०० किलोकॅलरी आणि १,७०० किलोज्यूल, भागाकार ४.२५. शंभर ग्रॅम तूप ९०० किलोकॅलरी आणि ३,७०० किलोज्यूल, भागाकार ४.११. याचा अर्थ दोन आकड्यांच्या भागाकारावरूनच कळतं की पदार्थ तुपाकडे झुकलाय की साखरेकडे! पण व्यवहारात हा फरक दोन टक्क्यांच्या आत राहतो, आणि जेवणात तूपही असतं आणि भातही, त्यामुळे बराचसा आपापसात मिटतो. त्यासाठी झोप घालवू नये.

झोप घालवायचीच असेल तर तंतूंपायी घालवा. भारतीय पाकिटं आणि इथली पाकिटं यांत खरा फरक मला तिथे सापडला, आणि तो कुठल्याही गुणकाने दुरुस्त होत नाही.

तूरडाळीचं एक पाकीट घ्या. १०० ग्रॅम कच्च्या डाळीत प्रथिनं २२, स्निग्धांश १.५, कर्बोदकं ६३, तंतू १५, ऊर्जा ३५४ किलोकॅलरी, असं छापलंय समजा. आता प्रश्न असा की हे १५ ग्रॅम तंतू त्या ६३ मधले की वेगळे? इथल्या पद्धतीत कर्बोदकांच्या आकड्यात तंतू धरत नाहीत, ते वेगळे दाखवतात. इतर पाकिटांवर बऱ्याचदा एकूण कर्बोदकं असतात, तंतूंसकट. ओळखायची युक्ती साधी आहे. सगळ्या ग्रॅमची बेरीज करा. २२ अधिक १.५ अधिक ६३ अधिक १५ म्हणजे १०१.५. शंभर ग्रॅम डाळीत १०१.५ ग्रॅम माल मावणार नाही, शिवाय डाळीत दहाएक ग्रॅम पाणी आणि तीन-साडेतीन ग्रॅम क्षार असतातच. तेव्हा तंतू ६३ च्या पोटातच आहेत. तंतू सोडून बेरीज केली तर ८६.५, त्यात पाणी आणि क्षार मिळवले की शंभर. हिशोब जुळला.

आता ऊर्जा बघा. ६३ च्या ६३ ग्रॅमना ४ ने गुणलं तर ८८ अधिक १३.५ अधिक २५२, म्हणजे ३५३.५. पाकिटावर हेच छापलंय. पण तंतूंना २ चा भाव दिला तर ४८ ग्रॅमचे १९२ आणि १५ ग्रॅमचे ३०, एकूण ३२३.५ किलोकॅलरी. शंभर ग्रॅमला ३० किलोकॅलरी, म्हणजे १२५ किलोज्यूल कमी. साडेआठ टक्के! ४.१८४ की ४.२ यावर भांडणाऱ्यांनी हा आकडा जरा बघावा. तेव्हा डाळी, भाजणी, नाचणी अशा तंतूवाल्या पदार्थांसाठी मी आता पाकिटावरची ऊर्जा घेतच नाही. ग्रॅम घेतो, कर्बोदकांतून तंतू वजा करतो, आणि थेट १७-३७-१७-८ ने किलोज्यूल काढतो. किलोकॅलरी मधे येतच नाही, मग बदलायचा प्रश्नच नाही.

याच डाळीवर आमच्याकडे अजून एक चूक होता होता राहिली. पाकिटावरचे आकडे कच्च्या डाळीचे असतात आणि बाबा खातात ते वरण. वाटीभर वरणाचं वजन करून त्याला डाळीच्या आकड्याने गुणलं तर पाण्यालाही ऊर्जा दिल्यासारखं होतं. आम्ही कुकर लावायच्या आधी डाळ मोजतो. १२० ग्रॅम डाळीचं वरण झालं आणि बाबांनी त्यातलं तिसऱ्या हिश्श्याएवढं घेतलं तर ४० ग्रॅम डाळ. यात तूप वेगळं, चमच्याने मोजून.

आणि हे सगळं करूनसुद्धा शेवटचे आकडे खरे मानू नका. अ‍ॅटवॉटरचे गुणक सरासरीचे आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली माणसांना बदाम खायला घालून किती पचतात ते मोजलं, तेव्हा २८ ग्रॅम बदामांतून अंगी लागणारी ऊर्जा १२९ किलोकॅलरी निघाली. गुणकांनी येते १७० च्या आसपास. अख्ख्या बदामातलं बरंच तेल पेशींच्या आवरणात अडकून तसंच बाहेर पडतं. आता सांगा, ज्या आकड्यात मुळातच एवढी गोम असू शकते त्याला चार दशांश स्थळांनी गुणून काय मिळणार? माझा तक्ता ९,५४८ असं दाखवत होता. त्या शेवटच्या ४८ ने मला फसवलं. इतका नेमका आकडा चुकेल कसा, असं वाटलं. आता मी शेकड्यात गोळाबेरीज करून लिहितो. साडेपाच हजार, आठ हजार शंभर, बस्स.

सॉफ्टवेअरवाल्यांना यातली माझी चूक लगेच ओळखू येईल. संख्या ठेवली आणि एकक डोक्यात ठेवलं. ऑफिसात असा कोड कोणी लिहिला तर मी स्वतः परत पाठवला असता. नवीन तक्त्यात 'ऊर्जा' नावाचा रकाना नाही. 'छापील आकडा' आहे, 'छापील एकक' आहे, आणि एकक रिकामं असेल तर पुढचा रकाना भरतच नाही. आहारतज्ज्ञाने जे एकक दिलंय त्याच एककात सगळी बेरीज. योजना बदलायची नाही, पाकिटं तिच्या एककात आणायची. टक्क्यांचे रकाने तर मी बघतच नाही, कारण इथले टक्के ८,७०० किलोज्यूलच्या दिवसावर असतात आणि भारतातले २,००० किलोकॅलरीच्या, म्हणजे ८,३६८ च्या. दोघांची बेरीज होत नाही.

पण तरीही एक कबूल करतो. तक्ता कितीही सुधारला तरी त्याच्यावर नजर ठेवायला दुसरा काहीतरी आकडा लागतो, आणि आमच्या घरात तो होता. वजनकाटा होता, आणि त्याच्याही आधी सदरा लोंबतोय म्हणणारी आई होती. मी तीन आठवडे काट्याकडे बघितलंच नाही, कारण बेरीज छान येत होती. आता दर रविवारी सकाळी चहाच्या आधी बाबा काट्यावर उभे राहतात. बेरीज वर आणि काटा खाली असं दिसलं की आधी बेरीज खोटी धरायची, असं ठरलंय.

लाडू परत सुरू झाला हे सांगायला नकोच. त्या दिवशी डॉक्टरांकडून परत येताना बाबा गाडीत एवढंच म्हणाले, "म्हणजे तीन आठवडे मला भूक लागत होती ती खरी होती तर." ते मला काही बोलले नाहीत. मी मात्र गाडी चालवताना आरशात त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

गेल्या रविवारी काटा सातशे ग्रॅम वर होता. असो.